सरासरीखाली गाडलेले पाच फॉर्म

नॅकच्या फाइलसाठी महाविद्यालये विद्यार्थ्यांकडून प्राध्यापकांबद्दल फीडबॅक फॉर्म भरून घेतात, सरासरी काढतात आणि मोकळी होतात. मित्रांनो, खरी फसवणूक या सरासरीतच आहे.

समजा, ६० जणांच्या वर्गातून ३० फॉर्म आले. लाडक्या सरांना २५ जणांनी पाचपैकी ५ गुण दिले आणि ५ जणांनी १. सरासरी ४.३, म्हणजे सर उत्तम! पण त्या पाच जणांनी खाली लिहिले आहे : 'शंका विचारली की आमच्या इंग्रजीवर हसतात.' बाकीच्यांना तो विनोद वाटला असेल. दुसरीकडे 'कडक' मॅडमची सरासरी ३. गुण कमी देतात म्हणून वर्ग नाराज. पण 'तपासलेला पेपर शेऱ्यांसह परत मिळतो का?' याला २७ जण 'हो' म्हणतात. मग पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला नेमके कोण शिकवते आहे?

म्हणून नुसती सरासरी स्वीकारू नका. प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी किती गुण दिले, ते मागा. 'सर आवडतात का' यापेक्षा तास झाले का, पेपर परत मिळाले का, शंकेला उत्तर मिळाले का, हे आधी वाचा. न आलेले ३० फॉर्म वर्गच सोडून दिलेल्यांचे तर नाहीत, हेही तपासा.

पाच फॉर्मनी दोष सिद्ध होत नाही. चौकशीची गरज मात्र सिद्ध होते. ती हस्ताक्षर ओळखून विद्यार्थी शोधण्याची नको, वर्गात काय घडते याची हवी. लोकप्रियता बहुमताने ठरते. अपमान झाला की नाही, हे बहुमताने ठरत नाही.