प्रत्येक फोनवर साइट हुबेहूब सारखी? ही अट घालू नका

दिवेआगरमध्ये वाडीतल्या घरात राहण्या-जेवणाची सोय करणारी बरीच कुटुंबं आहेत. अशा काही घरांची माहिती एका जागी देणाऱ्या एका छोट्या साइटचं काम मध्यंतरी अडलं होतं. साइट तयार, दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली आणि डेव्हलपरचा शेवटचा हप्ता थांबलेला. काम पास करणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजर मॅडमनी वेगवेगळ्या फोनवरचे ११ स्क्रीनशॉट पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, "डिझाइनशी पिक्सेल टू पिक्सेल जुळेपर्यंत पास करणार नाही."

डेव्हलपर माझ्या जुन्या बॅचचा. त्याचं पहिलं उत्तर दोन ओळींचं होतं: "हे शक्य नाही. साइट रिस्पॉन्सिव्ह आहे." मी म्हटलं, हे पाठवू नकोस. समोरच्याला वाटणार, पोरगा काम टाळतोय. मग त्याने दुसरा मेल लिहिला. त्याच्या परवानगीने इथे देतोय, कारण तुमच्यातले निम्मे जण उद्या अशी साइट करून घेणार आहेत.

"मॅडम, नमस्कार. तुमचे ११ स्क्रीनशॉट मी एकेक करून बघितले. त्यातल्या ३ माझ्या चुका आहेत, त्या दोन दिवसांत दुरुस्त करतो. उरलेले ८ फरक फोनमुळे आहेत. का, ते सांगतो.

डिझाइनचं चित्र ३६० पिक्सेल रुंदीवर काढलेलं आहे. तुमच्या फोनच्या पडद्यावर आडवे १०८० ठिपके आहेत, माझ्याही फोनवर १०८०च आहेत. पण तुमचा फोन ३ ठिपक्यांना वेबचा १ पिक्सेल धरतो, म्हणून रुंदी ३६० येते. माझा २.६२५ ठिपक्यांना १ धरतो, म्हणून साधारण ४११ येते. म्हणजे ठिपके तितकेच असूनही माझ्याकडे ५१ पिक्सेल जागा जास्त आहे. पान ३६०लाच बांधून टाकलं तर माझ्या फोनवर बाजूला कोरी पट्टी राहील. आणि ज्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्ले साइज' वाढवलाय, त्यांची रुंदी ३२०पर्यंत खाली येऊ शकते. त्यांच्याकडे ४० पिक्सेलचा मजकूर उजवीकडे पडद्याबाहेर जाईल. बहुतेक वेळा दर उजवीकडेच असतो.

दुसरं कारण मराठी अक्षरांचं. आपण फॉन्ट दिला नाही तर प्रत्येक यंत्र स्वतःचा देवनागरी फॉन्ट वापरतं. अँड्रॉइडवर बहुधा नोटो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर आणखी वेगळा. प्रत्येकात अक्षराची रुंदी थोडी वेगळी, त्यामुळे ओळ वेगळ्या शब्दावर मोडते. आपण मुक्ता फॉन्ट घातलाय, म्हणून फरक कमी झालाय, पण संपलेला नाही. देवनागरीत जोडाक्षरं भरपूर, म्हणून फॉन्टची फाइल जड असते. रेंज कमी असेल तेव्हा आधी फोनचा फॉन्ट दिसतो, मग मुक्ता येतो आणि ओळी हलतात. तुमचा चौथा आणि सातवा स्क्रीनशॉट याच मधल्या क्षणाचे आहेत.

तिसरं, अक्षरांचा आकार गिऱ्हाईक स्वतः वाढवतं. साठीतल्या माणसाने अक्षर दीडपट केलं असेल तर 'खोली रिकामी आहे का विचारा' हे बटण एका ओळीत मावणारच नाही. ते दोन ओळींत गेलं तर चालेल, पण खालची ओळ कापली जाते, ती माझी चूक. मी बटणाची उंची पक्की केली होती. आता असं करतोय:

```
.batan {
  min-height: 48px;
  padding: 10px 12px;
  line-height: 1.6;
}
```

म्हणजे उंची कमीत कमी ४८ राहील आणि मजकूर वाढला तर बटणही वाढेल. 'र्की'सारख्या अक्षराची वेलांटी-रफार वर कापले जाणार नाहीत.

सगळीकडे सारखं काय राहील, तेही लिहून देतो. मजकुराचा क्रम, रंग आणि फोटोची लांबी-रुंदीची प्रमाणं बदलणार नाहीत. ३२० रुंदीपासून लॅपटॉपपर्यंत पान आडवं सरकवावं लागणार नाही. अक्षर दुप्पट केलं तरी काही कापलं जाणार नाही. दर आणि फोन नंबर नेहमी पूर्ण दिसतील. यातलं एकही मोडलं तर ती माझी चूक, पैसे न घेता दुरुस्त करीन."

मला या मेलमधलं सगळ्यात आवडलं ते '११ पैकी ३ माझ्या चुका'. 'फोनच वेगळे असतात' या वाक्यामागे लपणारे डेव्हलपर मी खूप पाहिलेत. कापलेलं बटण, दरावर चढलेला फोटो, शेवटच्या ओळीवर बसलेली 'फोन करा' पट्टी हे फोनचे फरक नव्हेत, दोष आहेत. ओळखायचं कसं? दोन फोन शेजारी ठेवून तुलना करू नका. एकाच फोनवर विचारा: काही वाचता येत नाहीये का, दाबता येत नाहीये का, पडद्याबाहेर गेलंय का? उत्तर 'हो' असेल तर दुरुस्ती मागा. नुसती ओळ दुसरीकडे मोडली असेल तर सोडून द्या.

मॅडमची अट कुठून आली, तेही मला कळतं. त्या आधी छपाईच्या कामात होत्या. व्हिजिटिंग कार्ड छापताना कागद आपला असतो, एक मिलिमीटर सरकला तरी प्रेसवाल्याला परत करता येतं. साइटला कागद गिऱ्हाइकाचा, आणि तो केवढा असेल हे आपल्या हातात नाही.

यावर एक 'जुगाड' चालतो, त्यापासून सावध राहा. मालक फारच हटून बसला की काही जण सगळं पान एक चित्र करून टाकतात. मग ते प्रत्येक फोनवर हुबेहूब सारखं दिसतं, मालक खूश! पण चित्रातला नंबर दाबून फोन लागत नाही. सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं तरी चित्रातलं अक्षर तेवढंच राहतं. गुगलवर 'दिवेआगर समुद्राजवळ खोली' शोधणाऱ्याला ते पान सापडणंही अवघड, कारण त्यात वाचण्यासारखा मजकूरच नाही. अट पूर्ण झाली आणि बुकिंग गेलं.

माझी डेव्हलपरवर नाराजी एवढीच, की हा मेल काम सुरू होण्याआधी जायला हवा होता. 'सारखं काय राहील' हा परिच्छेद कोटेशनमध्येच असता तर हप्ता अडलाच नसता. तुम्ही काम देणारे असाल तर तोच मागून घ्या, आणि कोणत्या तीन-चार फोनवर तपासायचं ते त्यातच लिहा.

मॅडमनी ३ दुरुस्त्या मान्य केल्या, ८ फरक सोडले आणि स्वतःची एक अट घातली: ज्यांच्या खोल्या साइटवर आहेत त्यातल्या एका काकूंच्या फोनवर बघायचं. काच तडकलेला जुना फोन, अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. बटण दोन ओळींत गेलं, खोलीचा फोटो खाली सरकला. काकूंनी नंबर दाबला, तर काकांचा फोन पडवीत वाजला. हप्ता त्याच संध्याकाळी जमा झाला.