भागीदारी ठरण्याआधीची सही

‘ज्याच्याबरोबर उद्या एका गल्ल्यावर बसायचं, त्याच्याकडून आज सही कसली घ्यायची?’ भागीदारीच्या बोलणीत गोपनीयतेच्या कराराचा विषय निघाला की हा सवाल हमखास येतो. घरातली वडीलधारी माणसं तो विचारतात, मध्यस्थ विचारतो, आणि ज्याची सही हवी तोही जरा दुखावल्या स्वरात विचारतो. सवालामागची भावना खरी आहे. आपल्याकडे असंख्य धंदे शब्दावर उभे राहिले आणि शब्दावरच टिकले. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे, कारण हा सवाल ठरलेला भागीदार आणि होऊ घातलेला भागीदार यांना एकाच मापाने मोजतो.

कायदा त्यांना एक मानत नाही. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या कलम ९ ने भागीदारांवर परस्परांशी न्यायाने आणि निष्ठेने वागण्याचं बंधन घातलं आहे. फर्मच्या व्यवहारातून किंवा तिच्या धंद्याच्या संबंधांतून एखाद्याने परस्पर नफा कमावला, तर कलम १६ प्रमाणे त्याचा हिशेब देऊन तो फर्मला भरावा लागतो. म्हणजे सही झालेल्या भागीदाराला कायद्यानेच बांधलेलं असतं. पण हे बंधन भागीदारी जन्माला आल्यावरचं. बोलणी चालू असताना समोरचा माणूस या अधिनियमाच्या दृष्टीने परकाच असतो, आणि नेमक्या याच काळात आपण त्याच्यापुढे सगळ्या वह्या उघडतो. गोपनीयतेचा करार एवढंच करतो की, उद्या कायदा जी निष्ठा त्याच्याकडून मागणारच आहे तिचा एक भाग काही आठवडे आधी मागतो. ज्याला खरोखर भागीदार व्हायचं आहे, त्याला यात अपमान वाटण्यासारखं काय आहे?

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: आपल्या देशात असला कागद टिकत नाही. हे अर्धसत्य आहे. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २८९ व्या अहवालात तो करण्याची शिफारस केली, तीही मार्च २०२४ मध्ये. शिवाय १८७२ च्या करार अधिनियमाचं कलम २७ कोणालाही धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरवतं. अनेकांचे कागद या कलमावर आपटतात, पण दोष लिहिणाऱ्याचा असतो. धास्तीपोटी तो लिहून टाकतो, ‘बोलणी फिसकटली तर पाच वर्षं या क्षेत्रात धंदा करणार नाही.’ हे वाक्य उभं राहणं फार अवघड. ‘मी दिलेली माहिती भागीदारीचा निर्णय घेण्याखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरणार नाही,’ हे वाक्य मात्र कोणाचा धंदा बंद करत नाही, माहितीचा वापर तेवढा अडवतं. टिकाऊपणाचा सगळा प्रश्न या दोन वाक्यांमधल्या अंतरात आहे.

आणि न्यायालयं अशा वेळी हतबल असतात असंही नाही. गुपित विश्वासाने सांगितलं होतं हे दाखवता आलं, तर मनाई मिळाल्याची उदाहरणं आहेत. पण ‘माझी कल्पना चोरली’ एवढ्या ओरडीवर ती मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयातलं २०२१ चं ‘झोंबिवली’ प्रकरण या दृष्टीने प्रत्येक उद्योजकाने समजून घ्यावं. आपण विश्वासाने दिलेल्या झोंबीपटाच्या कथेवरून हा मराठी चित्रपट बेतला, असा एका लेखकाचा दावा होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अंतरिम मनाई नाकारली. गोपनीयतेचा भंग झाला असं म्हणणाऱ्याला काय सिद्ध करावं लागतं, याचे निकष त्या निकालात आहेत: माहिती नेमकी कोणती, ती विश्वासाच्या परिस्थितीत दिली होती का, ती मुळात गोपनीय म्हणण्याजोगी होती का, आणि परवानगीवाचून वापरली गेली का. करार लिहिताना हीच यादी समोर ठेवावी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहीने मिळतं. पहिल्याचं उत्तर करारात लिहून ठेवलं नसेल, तर नुसती सही फारशी उपयोगाची नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापुरातली एक बाई कांदा-लसूण मसाला करते. स्थानिक विक्री चांगली आहे, आता तिला परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचायचं आहे. नवी मुंबईतला एक निर्यातदार भागीदारीला तयार आहे. पहिल्या भेटीत तिने सही मागूच नये. मसाला कोणता, महिन्याला किती निघतो, भांडवल किती हवं, नफ्यात वाटा किती द्यायची तयारी आहे, एवढं मोकळेपणी सांगावं. यात चोरण्यासारखं काही नाही, आणि एवढ्यासाठी सही मागणारा माणूस आपलं हसं करून घेतो.

बोलणी पुढे सरकली की निर्यातदार खर्चाचा तपशील मागेल आणि त्याचं ते मागणं रास्त असेल. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची कोणाकडून, काय भावाने येते. कोणत्या शहरातल्या कोणत्या दुकानदाराने किती मालाची तयारी दाखवली. पाकिटामागे किती सुटतात. सहीची वेळ ही. कराराला परिशिष्ट जोडावं आणि त्यात कागद एकेक करून नोंदवावेत: पुरवठादारांची दरयादी, अमुक तारखेची, दुकानदारांची यादी, इतक्या पानांची. प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ लिहावं आणि कागद ई-मेलने पाठवावेत, म्हणजे कधी, कोणाला, काय दिलं याची नोंद आपोआप राहते. सही निर्यातदाराची व्यक्तिशः आणि त्याच्या फर्मच्या वतीने, अशी दोन्ही घ्यावी. नाहीतर उद्या तो म्हणेल की दुकानदारांना फोन मी केले नाहीत, फर्मने केले. त्याचा सीए हे कागद बघणार असेल तर तसंही लिहावं. मुदत दोन-तीन वर्षांची पुरे, कारण मिरचीचे भाव त्याआधीच जुने होतात. आणि कागद योग्य स्टँपवर असावा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा स्टँप लागतो. स्टँप कमी असेल तर उरलेलं शुल्क आणि दंड भरल्याशिवाय तो कागद पुरावा म्हणून वाचला जात नाही.

मसाल्याचं प्रमाण आणि भाजण्याची रीत मात्र सही झाल्यावरही देऊ नये. भागीदारी करायची की नाही हे ठरवायला निर्यातदाराला किलोमागे खर्च कळावा लागतो, धणे किती आणि खोबरं किती हे नाही. एकदा कळलेलं प्रमाण कोणत्याही मनाई हुकुमाने विस्मरणात जात नाही. माझा सर्वांत जास्त आग्रह या मुद्द्याचा आहे, कारण करार झाला म्हणून निर्धास्त होऊन सगळं ओतून टाकणारी माणसं करार न करणाऱ्यांइतकीच फसतात.

मोठे गुंतवणूकदार असल्या कागदांवर सह्या करत नाहीत, हे खरं आहे. त्यांच्याकडे एकसारखे प्रस्ताव सतत येत असतात आणि प्रत्येकाला सही दिली तर त्यांचं कामच थांबेल. पण त्यांचा हा नियम भागीदाराला लावण्यात अर्थ नाही. गुंतवणूकदार सहसा पैसे लावून बाजूला राहतो, तो स्वतः मसाला कुटायला बसत नाही. निर्यातदाराकडे मात्र गोदाम आहे, गिऱ्हाईक आहे आणि दुसऱ्या मसालेवाल्याचा फोन नंबरही आहे.

तरीही तो सही नाकारेल, असं घडतंच. तेव्हा त्याची अडचण नीट ऐकून घ्यावी. ‘मी आधीपासून दुसऱ्यांचा मसाला पाठवतो, उद्या माझ्यावरच आळ येईल,’ असं तो म्हणाला, तर त्याची भीती रास्त आहे. त्याला आधीपासून असलेली माहिती आणि त्याचे सध्याचे दुकानदार या करारातून वगळले आहेत, असं एक कलम घालावं आणि त्या दुकानदारांची यादी त्याच्याकडूनच घ्यावी. मुदत जास्त वाटत असेल तर कमी करावी. पण ‘दिलेली माहिती याच कामासाठी वापरीन’ एवढं एक वाक्यही त्याला जड जात असेल, तर बोलणी तोडायची गरज नाही. ती पहिल्या भेटीच्या तपशिलावर थांबवावीत, दरयादी कपाटात ठेवावी आणि दुसरा निर्यातदार शोधायला लागावं.