बेटांमधले अंतर कोणी ठरवले?

आमच्याकडे येणाऱ्या लेखांत एक आकृती हल्ली हटकून असते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर रंगीत ठिपक्यांची बेटे आणि खाली ओळ: ‘मॉडेलने विषय स्पष्ट वेगळे केले असून खेळ आणि चित्रपट हे विषय राजकारणापेक्षा एकमेकांना अधिक जवळ आहेत.’ वाक्याचा पहिला भाग तपासता येतो. दुसरा भाग मात्र बहुतेक वेळा आकृतीत नसतोच, तो वाचणाऱ्याच्या डोळ्याने घातलेला असतो. असे का होते, ते या अंकात जरा तपशिलात पाहू.

अशी आकृती काढणारी टी-एसएनई ही पद्धत व्हान डर मातेन आणि हिंटन यांनी 2008 मध्ये मांडली. तिचे पहिले काम प्रत्येक बिंदूचे शेजारी ठरवण्याचे असते. बिंदूभोवती ती एक गाउसी घंटा ठेवते. पर्प्लेक्सिटी 30 दिली असेल, तर घंटेत साधारण तीसेक शेजाऱ्यांना अर्थपूर्ण वजन मिळेल इतकी तिची रुंदी त्या बिंदूपुरती जुळवून घेते. दाट वस्तीत घंटा अरुंद होते, विरळ वस्तीत रुंद. पुढचा सगळा खेळ या वजनांवर चालतो, मूळ अंतरे त्यानंतर कुठेच वापरली जात नाहीत.

आता बातम्यांच्या मथळ्यांचे एक काल्पनिक, पण हिशेब सोपा करणारे उदाहरण घेऊ. एम्बेडिंग 768 मितींचे आहे आणि विषय तीन, प्रत्येकी हजार मथळे. खेळाच्या पुंजक्यात प्रत्येक मितीतले प्रमाण विचलन 1 आहे, राजकारणाच्या पुंजक्यात 10. खेळाच्या दोन मथळ्यांतले अंतर सरासरी 39 च्या आसपास येईल, राजकारणाच्या दोन मथळ्यांतले 392 च्या आसपास. म्हणजे मूळ अवकाशात राजकारणाचा पसारा दहापट. पण तिथे घंटेची रुंदीही दहापट होते. वजनाच्या सूत्रात अंतराचा वर्ग भागिले रुंदीचा वर्ग एवढेच येते, म्हणून वर-खाली शंभर उडून जातात आणि दोन्ही पुंजक्यांची वजने सारख्याच वळणाची निघतात. कागदावर दोन बेटे सारख्याच आकाराची दिसतील. हा मांडणीतला दोष नव्हे, कारण पसाऱ्याची माहिती मांडणी सुरू होण्याआधीच पुसली गेली आहे. म्हणून ‘राजकारणाचे बेट मोठे, म्हणजे त्या विषयात विविधता जास्त’ असे लिहिता येत नाही. मोठे बेट बहुधा एवढेच सांगते की त्या विषयाचे मथळे संख्येने जास्त आहेत.

अंतरांची गोष्ट याहून गंभीर आहे. scikit-learn मधली नेहमीची, म्हणजे बार्न्झ-हट पद्धत प्रत्येक बिंदूसाठी पर्प्लेक्सिटीच्या तिपटीपेक्षा एकच जास्त शेजारी धरते. पर्प्लेक्सिटी 30 असेल तर 91. बाकी सगळ्यांचे वजन शून्य. आपल्या उदाहरणात तिन्ही पुंजके एकमेकांपासून नीट सुटे असतील, तर प्रत्येकात हजार मथळे असल्यामुळे कोणाचेही 91 शेजारी स्वतःच्या पुंजक्यातच सापडतात. आता चित्रपटाचा अख्खा पुंजका उचलून आहे त्याच्या शंभरपट लांब नेऊन ठेवा. कोणाचीही शेजाऱ्यांची यादी बदलत नाही, वजनांचा तक्ता आकड्यानिशी तोच राहतो. जो फरक तक्त्यात नाही, तो मांडणीच्या पायऱ्यांना कळणार कुठून? वेगळ्या पुंजक्यांत आकर्षण उरत नाही, फक्त एकमेकांना ढकलणे उरते. मग कोणते बेट कोणाच्या शेजारी बसले, हे मुख्यतः बिंदूंची सुरुवात कुठून केली यावर ठरते.

युमॅप या बाबतीत वेगळा आहे, असा समज पक्का बसला आहे. ‘युमॅप व्यापक रचना जपतो’ हे वाक्य आमच्याकडच्या लेखांतही येते. मॅकिनेस, हीली आणि मेलव्हिल यांची ही पद्धत 2018 ची. तीही जवळच्या शेजाऱ्यांचाच आलेख बांधते, n_neighbors चे मूळ मूल्य 15, आणि तीही स्थानिक अंतरे प्रत्येक बिंदूपुरती सारखी करून घेते. कोबाक आणि लिंडरमन यांनी 2021 मध्ये दाखवले की दोन पद्धतींमधला तो गाजलेला फरक प्रामुख्याने सुरुवातीच्या मांडणीचा होता. युमॅप वर्णपटीय मांडणीपासून सुरुवात करतो, टी-एसएनईची अंमलबजावणी तेव्हा यादृच्छिक बिंदूंपासून करत असे. युमॅपलाही यादृच्छिक सुरुवात दिली की त्याचीही व्यापक रचना विस्कटते, आणि टी-एसएनईला पीसीएची सुरुवात दिली की ती बरीच टिकते. scikit-learn ने पुढे init="pca" हेच मूळ मूल्य केले, ते योग्यच झाले.

पण त्यातून एक नवी फसगत उभी राहते. सुरुवात ठरलेली असल्यामुळे random_state बदलून पाहिले तरी बेटे साधारण त्याच जागी येतात, आणि लेखक लिहितो की निष्कर्ष स्थिर आहे. स्थिर आहे ती सुरुवात. पीसीएचे पहिले दोन घटक एकूण विचरणाचा लहानसा भाग टिपत असतील, तर बेटांची परस्पर जागा तेवढ्याच तुटपुंज्या माहितीवर उभी असते, चित्र कितीही वेळा तसेच येवो.

प्रत्यक्षातले मथळे इतके सुटे नसतात, हे खरे. क्रिकेट मंडळाच्या निवडणुकीचा मथळा खेळ आणि राजकारण यांच्यामध्ये पूल बांधतो, आणि अशा पुलांमुळे बेटांच्या जागांना काही अर्थ येतो. किती अर्थ, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी मूळ अवकाशात परतावे लागते, आणि ते काम दोन ओळींचे आहे. `X` हे मूळ एम्बेडिंग आणि `a` व `b` हे दोन विषयांच्या ओळींचे क्रमांक धरा:

```python
D = pairwise_distances(X, metric="cosine")
print(D[np.ix_(a, a)].mean(), D[np.ix_(a, b)].mean())
```

पहिला आकडा विषयाचा पसारा सांगतो, दुसरा दोन विषयांतले अंतर. तिन्ही जोड्यांसाठी हे काढले की ‘खेळ आणि चित्रपट जवळ’ हे वाक्य टिकते की नाही ते लगेच दिसते. मजकुराच्या एम्बेडिंगसाठी चित्र काढतानाही metric="cosine" द्यावे. दोन्ही ग्रंथालयांचे मूळ मूल्य युक्लिडीय अंतर आहे, आणि एक मोजमाप चित्रात, दुसरे तक्त्यात असे होऊ नये.

उलट दिशेची चूक कमी बोलली जाते. बेटे दिसली नाहीत म्हणून ‘मॉडेलला फरक कळलेला नाही’ असे लिहिले जाते. समजा दोन वर्ग 768 पैकी एकाच दिशेने चार प्रमाण विचलनांनी वेगळे आहेत आणि बाकी सगळ्या दिशांना सारखेच आहेत. त्या एका दिशेवर सरळ रेषा मारली तर दोनेक टक्केच नमुने चुकतील. पण प्रत्येक दिशेतले प्रमाण विचलन 1 धरले, तर एका वर्गातल्या दोन बिंदूंच्या अंतराचा वर्ग सरासरी 1536 आणि वेगळ्या वर्गांतल्या दोघांचा 1552. या आकड्याचे स्वतःचे चढउतारच 78 च्या घरातले आहेत. शेजाऱ्यांच्या यादीत दोन्ही वर्ग मिसळणार आणि चित्रात फट दिसणार नाही. अशा वेळी निकाल द्यायचा तो मूळ एम्बेडिंगवर शिकवलेल्या साध्या रेषीय वर्गीकाराने, राखून ठेवलेल्या नमुन्यांवर.

राखून ठेवलेल्या, हे मुद्दाम म्हटले. वर्गीकाराच्या शेवटच्या थरातले एम्बेडिंग प्रशिक्षणाच्याच नमुन्यांवर रंगवले, तर सुबक बेटे येणारच. मोठी जाळी यादृच्छिक लेबलेसुद्धा पाठ करू शकतात, हे 2017 पासून माहीत आहे, आणि त्या पाठांतराचीही बेटे तितकीच सुबक येतील.

पुढच्या अंकापासून अशा आकृतीखाली पर्प्लेक्सिटी किंवा n_neighbors, सुरुवातीची मांडणी, अंतराचे मोजमाप आणि बिंदू प्रशिक्षणातले की राखीव, हे छापलेले असेल. बेटांच्या आकारावर किंवा अंतरावर विधान असेल, तर वरच्या दोन ओळींतून निघालेला तक्ता लेखासोबत हवा. तो नसेल, तर लेखकाची परवानगी घेऊन आम्ही ते विधान गाळू. आकृती राहील, कारण चुकून दुसऱ्याच विषयात टाकलेले मथळे आणि दोनदा आलेल्या नोंदी शोधायला तिच्याइतके जलद साधन नाही. तिथे शेजारीच पाहायचे असतात, आणि शेजारी या पद्धती बऱ्यापैकी जपतात.