बुटाचा तळ आणि मैदानाची माती

फुटबॉलचे बूट घेताना आपण माप पाहतो, रंग पाहतो, किंमत विचारतो. बूट उलटा करून त्याचा तळ मात्र क्वचितच निरखतो. वास्तविक निवडीस आरंभ तेथूनच व्हावयास हवा. तळाचे स्टड जमिनीत रुतावेत आणि पाय घसरू नये, एवढेच त्यांचे काम. जे स्टड रुततच नाहीत, ते पायाला उलट जाचतात.

समजा, आपला बारा वर्षांचा मुलगा कोल्हापुरात खेळतो. पावसाळ्यानंतर मैदानावर हिरवळ असते, माती जरा ओलसर असते. तेथे ‘एफजी’ अशी खूण असलेले बूट उत्तम. त्यांचे ठोकळेबंद स्टड साधारण एक सेंटिमीटर उंचीचे आणि दहाबारा असतात. ते पुरते रुतले म्हणजे तळ जमिनीला टेकतो व शरीराचा भार सर्वत्र वाटला जातो. तेच मैदान मार्च महिन्यात तुडवून दगडासारखे होते. मग स्टड वरच्यावर राहतात आणि सगळा भार त्या दहाबारा टोकांवर येतो. सामना संपल्यावर मुलाचे तळपाय पाहावेत. स्टडच्या जागी लाल वर्तुळे उमटली असतील, किंवा तो टाच दुखते म्हणत असेल, तर हे बूट त्या जमिनीचे नव्हेत. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग नाजूक असतो, म्हणून ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. अशा कठीण मातीवर ‘टीएफ’ बूट घ्यावेत. त्यांच्या तळाला रबराचे आखूड असे पुष्कळ उंचवटे असतात. चिखलात मात्र ते घसरतात.

कृत्रिम हिरवळीवर धोका नेमका उलट असतो. तेथे लांब स्टड, विशेषतः पात्यासारखे चपटे, धाग्यांत फार घट्ट अडकू शकतात. खेळाडू वळतो, पाऊल वळत नाही, आणि तो पीळ गुडघ्यावर जातो. यासाठी ‘एजी’ बुटांना अधिक संख्येने, आखूड व बहुधा गोल स्टड असतात. गोल आकार वळताना सहज सुटतो. एफजी बूट तेथे वापरल्यास तळ तडकण्याचाही संभव असतो, आणि पुष्कळ कारखानदारांची हमी अशा वेळी लागू होत नाही. पेटीवरील मजकूर वाचूनच पैसे द्यावेत.

धातूचे, पेचाने बसणारे स्टड मऊ चिखलासाठीच. १९५४ साली बर्न येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भर पावसात पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंनी असे बदलते स्टड वापरले होते. हंगेरीवर त्यांनी ३–२ असा विजय मिळविला. शाळकरी मुलास त्यांची गरज सहसा पडत नाही.

एकच जोड घेणे शक्य असेल, तर मुलगा वर्षातील अधिक दिवस कोणत्या जमिनीवर खेळतो ते मोजावे. सुक्या मातीचे दिवस जास्त भरले, तर टीएफ घ्यावा व चिखलाच्या दिवशी जरा जपून खेळावे. दुकानातील फरशीवर बूट घालून उभे राहण्यास सांगावे. एखादा स्टड तळव्याला आतून टोचला, तर तो जोड परत ठेवावा.