पाना फिरला पाहिजे

हिंजवडी, माण, भूगाव या मुळशीच्या पट्ट्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीतच धरली आहे. घर भाड्याचं, तर कपाट ब्रँडेड आणि सुटं करता येणारं घ्यावं. सुताराला बोलवावं ते स्वतःच्या फ्लॅटमध्ये. कारणं तीन दिली जातात: ते स्वस्त पडतं, एका दिवसात उभं राहतं आणि घर बदललं की सोडवून नेता येतं.

पहिली दोन मला मान्य आहेत. तिसरं अर्धंच खरं आहे. कपाट सुटतं, पण पुन्हा पहिल्यासारखं जुळत नाही. ही कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डाची, म्हणजे डिंकात दाबलेल्या लाकडी चुऱ्याची असतात. स्क्रू काढून पुन्हा पिळला की भोकातला चुरा झडतो. हिंजवडीहून भूगावला आल्यावर आमचं कपाट तिसऱ्यांदा जोडलं, तेव्हा बिजागरीचा स्क्रू बोटानेच फिरत होता. भोकात आगकाड्या कोंबून पाहिल्या. दोन महिन्यांत पल्ला पुन्हा शेजारच्या पल्ल्यावर चढला. त्यात मुळशीचा पाऊस. पट्टी सुटलेल्या तळकडेतून ओल शिरली आणि बोर्ड पावासारखा फुगला. फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही.

यावर समोरून उत्तर येतं, ‘सुताराचं कपाट तर हलतच नाही.’ आपण नेहमी करून घेतो त्या कपाटाबद्दल हे खरं आहे. त्याला पाठ नसते, भिंतच पाठ. सांधे खिळ्यांनी आणि फेव्हिकॉलने कायमचे बसवलेले. पण हा दोष सुताराचा नाही, आपण दिलेल्या ऑर्डरचा आहे.

सात फूट उंच, चार फूट रुंद कपाट हवं असेल तर एकसंध सांगू नका. खाली पाच फुटी दोन खोकी, वर दोन फुटांचं एक. प्रत्येकाला स्वतःची ६ मिमीची पाठ, आणि खोकी एकमेकांना फक्त नट-बोल्टने जोडलेली. पाखं दुहेरी झाल्याने १८ मिमीची एखादी शीट जास्त लागते, इतकंच. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघा आणि कापलेल्या कडेत पोकळी नाही ना, तेही पाहा. थरांचा प्लाय स्क्रू घट्ट धरतो. सांधे तर उघडायचेच नाहीत, फक्त बोल्ट.

हिशेबापुरतं धरू: ब्रँडेड वीस हजार, सुताराचं चाळीस. दोन घरं बदलून चार वर्षांत ब्रँडेड निकामी झालं, तर दुसरं घेताना खर्च बरोबरीत येतो आणि सुताराचं तेव्हाही उभं असतं. मात्र दोन वर्षांत पुणंच सोडायचं असेल, तर ब्रँडेडच घ्या. तिथे माझा वाद नाही.

बाकीच्यांनी एक करावं. शेवटचा हप्ता देण्याआधी मिस्त्रींना म्हणावं, ‘दादा, एकदा माझ्यासमोर सोडवून पुन्हा जोडून दाखवा.’ पाना फिरला, तर पैसे द्यावेत.