बर्फाचं पिंप, घट्ट मोजे आणि मसाज गन : खरा उपयोग किती?

सप्टेंबरमध्ये सातारा हिल मॅरेथॉन झाली की पुढचे तीन-चार दिवस माझ्याकडे येणारे काही पेशंट ओळखू येतात. ते जिना उलटे, कठड्याला धरून उतरतात आणि खुर्चीत बसताना 'आई गं' म्हणतात. मागे असेच एक सांगलीचे गृहस्थ आले. वय ४६, बँकेत नोकरी, रक्तदाबाची एक गोळी चालू. सोबत पिशवीत मसाज गन आणि पायात गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे. "सर, बर्फात पण बसलो. सगळं केलं. तरी डावी पोटरी जास्तच दुखतेय."

त्यांच्या डाव्या पोटरीकडे शेवटी येतो. आधी बाकीचं दुखणं समजून घेऊ, कारण ही सगळी साधनं त्यासाठीच विकली जातात.

या शर्यतीत २१ किलोमीटर धावायचं असतं. पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला, उरलेला त्याच वाटेने खाली. दम चढताना लागतो, पण पाय दुखतात ते उतरण्यामुळे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो आकसायचा प्रयत्न करत असतो आणि त्याच वेळी शरीराच्या वजनाने ताणला जात असतो. या ओढाताणीत स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग दुरुस्तीसाठी तिथे थोडी सूज येते. म्हणून दुखणं लगेच नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात आपोआप जातं. "लॅक्टिक ॲसिड साठलंय" हे कारण खरं नाही. ते धावणं थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातून निघून जातं.

आता बर्फाचं पाहू. १० ते १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० ते १५ मिनिटं बसल्यास पुढच्या तीन-चार दिवसांतलं दुखणं नुसत्या विश्रांतीपेक्षा काहीसं कमी होतं, असं २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. पण त्यातले बहुतेक अभ्यास लहान होते आणि आपण बर्फात बसलोय हे प्रत्येकाला माहीत होतंच.

आमच्या या गृहस्थांनी काय केलं होतं? दीडशे लिटरच्या पिंपात फ्रिजमधल्या ट्रेचा साधारण दोन किलो बर्फ टाकला होता. हिशेब केला तर तेवढ्या बर्फाने पाणी जेमतेम दीड अंशाने थंड होतं. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून १३ वर आणायला तेरा किलोच्या आसपास बर्फ लागतो. म्हणजे ते साध्या नळाच्या पाण्यातच बसले होते. तरीही "बरं वाटलं" म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हेच तपासलं. काही जणांना थंड पाण्यात बसवलं, काहींना कोमट पाण्यात. कोमट पाण्यात साधा त्वचेचा साबण घालून "हे खास थकवा घालवणारं तेल आहे" असं सांगितलं. दोन्ही गटांचे पाय जवळपास सारखेच सावरले.

बर्फाची दुसरी बाजू आमच्या भागातल्या तालमीतल्या पोरांनी लक्षात ठेवावी. ताकद वाढवण्यासाठी जोर-बैठका किंवा वजनं मारल्यावर रोज बर्फात बसू नका. २०१५ च्या एका अभ्यासात वजनांच्या व्यायामानंतर १० मिनिटं बर्फाच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद बारा आठवड्यांनी दुसऱ्या गटापेक्षा कमी वाढलेली दिसली. व्यायामानंतरची जी दुरुस्ती स्नायू मोठा करते, तीच आपण थंड करून मंदावतो. एकाच दिवशी दोन-तीन कुस्त्या किंवा लागोपाठ कबड्डीचे सामने असतील, तर मात्र बर्फ समजण्यासारखा आहे. तिथे वाढ नको असते, पुढच्या सामन्यापुरतं सावरायचं असतं. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी या वाटेला जाऊ नये. गार पाण्यात पहिल्याच मिनिटात श्वास अडकतो, रक्तदाब उसळतो. आणि एकट्याने तर कुणीच बसू नये.

घट्ट मोज्यांबद्दल माझं मत सौम्य आहे. शर्यतीनंतर दिवसभर घातल्यास दुखणं थोडं कमी वाटतं. ताकद लवकर परत येते का, याचे पुरावे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. आवडत असतील तर घाला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांनी विचारल्याशिवाय घालू नयेत. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर लगेच काढा.

मसाजचं ऐकून तालमीतले वस्ताद हसतील, कारण तेल लावून मालिश त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात दुखणं आणि थकवा कमी करण्यात हाताची मालिशच सर्वांत पुढे निघाली. मसाज गनचे पुरावे तेवढे नाहीत. पोटरीवर पाच मिनिटं चालवल्यास घोटा काही काळ जास्त वाकतो, सैल वाटतं, पण ताकदीत फरक पडत नाही. मऊ डोकं, कमी वेग, एका स्नायूवर एक-दोन मिनिटं, हाड, मान, गुडघ्यामागची खळगी आणि जांघ सोडून, इतकं पाळलं तर चालेल. जोरात आणि बराच वेळ चालवून स्नायू विरघळल्याची, म्हणजे रॅब्डोमायोलिसिसची, घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे. कठोर श्रमानंतर किंवा अशा मालिशीनंतर लघवी चहा-कोलासारखी गडद झाली, तर घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आता ती डावी पोटरी. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत होत्या, ते उताराचं दुखणं. पोटरी मात्र एकच दुखत होती आणि उजवीपेक्षा दोन सेंटीमीटर जाड होती. खोदून विचारल्यावर आठवलं, "उतरताना कुणीतरी मागून दगड मारल्यासारखं वाटलं होतं." पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे पाहायला आधी डॉपलर सोनोग्राफी केली. गुठळी नव्हती. पोटरीचा स्नायू आतल्या बाजूला थोडा फाटला होता आणि तिथे रक्त साचलं होतं. यांनी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावरच मसाज गन चालवली होती. गुठळी असती तर ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती होती. गन बंद झाली, पाय उंच ठेवून विश्रांती आणि नंतर हळूहळू व्यायाम, असं करत दीड महिन्यात ते पुन्हा धावू लागले.

म्हणून माझा नियम सोपा आहे. दोन्ही पाय सारखे दुखत असतील, दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं असेल, तर तुम्हाला आवडेल ते साधन जपून वापरा. एकच पाय दुखत असेल, सुजला असेल, किंवा दुखणं धावतानाच एका क्षणी सुरू झालं असेल, तर कुठलंही साधन न लावता आधी दाखवा.

पुढच्या वर्षी त्यांनी शर्यतीआधी दोन-तीन आठवडे यवतेश्वरच्या उतारावर दोनदा, थोडं थोडं धावून घेतलं. एकदा उताराची इजा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तीच इजा फार कमी करून घेतो, हे संशोधनात पुनःपुन्हा दिसलं आहे. त्या सोमवारी ते माझ्याकडे आले ते फक्त रक्तदाब तपासायला, आणि जिना सरळ उतरून गेले.