जुन्या सरांना मेसेज करताना

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेर चहा प्यायला उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘या वेळी नाही झालं, तर परत कंपनी.’ इंजिनीअरिंग झालं, दोनेक वर्षं नोकरी झाली, मग राजीनामा देऊन एमपीएससी. असा रस्ता धरलेली मुलं-मुली आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. परत कंपनी म्हटलं की पहिले आठवतात ते जुने मॅनेजर. आणि त्यांना मेसेज टाइप करायला घेतला की एरवी निबंधाची पानंच्या पानं लिहिणाऱ्यांची बोटं अडतात.

ओळखीतल्या एका मुलीने पाठवायच्या आधी आपला मेसेज दाखवला. तो साधारण असा होता:

‘नमस्कार सर, ओळखलंत का? इतक्या दिवसांनी त्रास देतेय, त्याबद्दल सॉरी. सर, माझा मोठा गॅप पडलाय, चूक माझीच आहे. घरची परिस्थिती तुम्हाला माहीत आहेच. काहीतरी बघा ना सर. कुठलंही काम चालेल, पगार कमी असला तरी चालेल. तुमचे उपकार कधी विसरणार नाही.’

वाचून वाईट वाटतं, पण नम्रपणे लिहायचं म्हणजे असंच लिहायचं, अशी आपली समजूत असते. आता हाच मेसेज सरांच्या खुर्चीत बसून वाचा.

सर मनात आलं म्हणून कुणाला नोकरी देऊ शकत नाहीत. आपल्या किंवा शेजारच्या टीममध्ये मंजूर झालेली जागा आहे का, हे त्यांना बघावं लागतं आणि मग एचआरला सांगावं लागतं. सांगायचं म्हणजे बहुतेक वेळा तुमचाच मेसेज पुढे पाठवायचा. म्हणजे तो शेवटी वाचणार आहे ती एचआरमधली कुणीतरी, जिने तुम्हाला कधी बघितलेलंही नाही. तिच्यासमोर ‘घरची परिस्थिती’ आणि ‘उपकार’ गेले, तर पाठवणाऱ्या सरांनाच अवघडल्यासारखं होतं. मग ते मेसेज पाठवतच नाहीत, ‘बघतो’ म्हणतात.

त्यात ‘कुठलंही काम’ हे सगळ्यात घातक. त्या नावाची जागा कुठल्याच कंपनीत नसते. जागा असते ती ‘टेस्टर, 2 ते 4 वर्षं अनुभव’ अशी. तुम्ही कुठे बसता हे तुम्हीच सांगितलं नाही, तर ते शोधायचं काम सरांवर पडतं. आणि पगाराचं कुणी विचारलेलंच नव्हतं!

गंमत म्हणजे तिची खरी जमेची बाजू त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हती. दोन वर्षं तिने बिलिंग मॉड्यूलचं टेस्टिंग केलं होतं. नवा माणूस घेतला, तर ते बिलिंग त्याच्या डोक्यात शिरायला काही महिने जातात. हिला ते आधीच येतं. सरांच्या दृष्टीने हा रोकडा फायदा आहे, आणि नेमका तोच ती विसरली होती.

लिहायच्या आधी तिने तीन गोष्टी केल्या. कंपनीच्या साइटवर कुठल्या जागा निघाल्यात ते पाहिलं. जुन्या टीममधल्या मैत्रिणीला फोन केला, तेव्हा कळलं की तिथलं बरंचसं हाताने होणारं टेस्टिंग आता ऑटोमेशनवर गेलंय. ते ती दोन महिने शिकतच होती, त्यामुळे मेसेजमध्ये काय पुढे ठेवायचं ते ठरलं. आणि तिने आपलं रिलीव्हिंग लेटर शोधून काढलं. नोटीस पीरियड पूर्ण करून रीतसर सोडलंय, हे त्यातून कळतं. बऱ्याच कंपन्या सोडून जाणाऱ्याच्या नावापुढे ‘परत घ्यायला हरकत नाही’ किंवा ‘घेऊ नये’ अशी नोंद ठेवतात. न सांगता गायब झालेल्याच्या नावापुढे दुसरी नोंद असेल, तर मेसेज कितीही चांगला लिहा, सरांचे हात बांधलेले असतात. (लवकरच पहिली नोकरी धरणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.)

मग हा मेसेज गेला:

‘नमस्कार सर. 2021 ते 2023 मी तुमच्या टीममध्ये बिलिंगचं टेस्टिंग बघत होते. जुलै 2023 मध्ये एमपीएससीसाठी नोकरी सोडली. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, निवड झाली नाही. आता परत टेस्टिंगमध्ये यायचं नक्की केलंय. पहिली चौकशी तुमच्याकडे करतेय, कारण बिलिंगचं काम मला माहीत आहे. तेव्हा मी मॅन्युअल टेस्टिंग करायचे. गेले दोन महिने सेलेनियम आणि एपीआय टेस्टिंग शिकतेय. सरावासाठी लिहिलेल्या 40 टेस्टची लिंक आणि रिझ्युमे जोडलाय. प्रत्यक्ष प्रोजेक्टवर ऑटोमेशन अजून केलेलं नाही. कंपनीच्या साइटवर टेस्टरची जागा दिसली. ती तुमच्या टीममधली आहे का? असेल तर या आठवड्यात 15 मिनिटं फोनवर बोलता येईल का? नसेल तर कुणाशी बोलू, ते सांगा. 1 तारखेपासून रुजू होऊ शकते.’

ब्रेकची हकिकत दोन छोट्या वाक्यांत संपली. सॉरी नाही, सबब नाही. ‘निवड झाली नाही’ हे सरळ लिहिलं, की वाचणाऱ्याच्या मनात ‘मग पुढच्या जाहिरातीला परत जाणार का?’ हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर लगेच पुढच्या वाक्यात आहे. ‘प्रोजेक्टवर केलेलं नाही’ हे वाक्य ती काढायला निघाली होती. मी राहू दे म्हटलं. आत्मविश्वास दिसतो तो तिथेच. मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत जे उघडं पडणारच, ते आधी आपण सांगितलेलं बरं.

गॅप झाकायला रिझ्युमेत मध्येच एखादी खोटी कंपनी घुसवणारे महाभागही असतात. पीएफचा यूएएन नंबर एकच राहतो आणि कुठल्या कंपनीने कधी पैसे भरले ते त्यात दिसतं. पडताळणीत ते पकडलं जातं, आणि मग ब्रेक बाजूलाच राहतो, खोटेपणाचीच चर्चा होते.

ताठ मानेने लिहायचं म्हणजे सलगी करायची, असंही नाही. ज्यांना ‘सर’ म्हणत होतो त्यांना ‘सर’च म्हणायचं. ‘हाय, लाँग टाइम, एकदा भेटूया’ असं लिहून खरं काम भेटीत काढणं, हा तर समोरच्याला गाफील पकडण्याचा प्रकार झाला. रात्री साडेअकराला पाठवू नका. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं, तर एकदा आठवण करा, दोन ओळींत. त्यानंतरही शांतता असेल, तर तेच उत्तर समजून दुसरीकडे अर्ज करा.

सरांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. ‘जागा माझ्याकडे नाही, शेजारच्या टीममध्ये आहे. तुझा मेसेज तसाच त्यांना पाठवलाय. ते ऑटोमेशनची परीक्षा घेतील.’ ती परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे. अभ्यासिकेतली जागा तिने महिनाअखेरपर्यंत ठेवलीये; सध्या तिथे ती लॅपटॉप घेऊन बसते.